ज्याचा त्याचा पारा

शाळेत सर पुष्कळ होते, पण गणिताचे सर, भूगोलाचे सर असं त्यांना विषय लावून ओळखावं लागे. नुसतं 'सर' म्हटलं की ते खेळाचे सर. त्यांचा आवाज मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई आणि तिथून भिंतीवर आपटून परतही येई. शिट्टी गळ्यात असायची, पण ती वाजवायची वेळ क्वचितच येई.

स्पर्धेच्या आधीचं सरांचं भाषण प्रसिद्ध होतं. ते मुलांना गोल उभं करत, मुठी वळत, डोळे मोठे करत आणि म्हणत, "आज नाही तर कधीच नाही! सगळं जग बघतंय! जा आणि फाडा!" मग प्रत्येकाच्या पाठीत एकेक थाप. काही मुलं त्या थापेनं अशी सुटत की बघणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं. सरांना वाटे, सगळ्यांचंच तसं होतं.

मागच्या वर्षी टोळचं तसं झालं नाही.

टोळ म्हणजे नववीतली एक काटकुळी मुलगी. पाय लांब, गुडघे टोकदार आणि जमिनीवरून उठायची ती अशी, जणू जमीन तिला नकोशीच झाली आहे. सरांनीच हे नाव ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचं. उंच उडीत एक मीटर पस्तीस ती रोज सरावात हसत-खिदळत ओलांडायची. पण मोठ्या स्पर्धेत तिनं त्या उंचीवर लागोपाठ तिन्ही वेळा दांडी पाडली आणि बाद झाली. मॅटवर पालथी पडून ती जी रडली, ती उठेचना. सर तिच्याशेजारी उकिडवे बसून राहिले.

ही गोष्ट त्यांनी घरी एकदाच सांगितली. पण त्यानंतर बरेच दिवस जेवताना मधेच थांबून ते म्हणत, "अगं, झोपेत मारते ती तेवढी उडी." त्यांच्या पत्नी, म्हणजे सूनबाईच्या सासूबाई, म्हणायच्या, "कळलं हो, वाढू का अजून?" आणि सूनबाई लक्ष देऊन ऐकायची.

सूनबाईचं शिक्षण नेमकं याच विषयातलं होतं. खेळाडूंच्या मनाचा सराव कसा घ्यायचा हे ती शिकली होती आणि एका क्रीडासंकुलात मोठ्या खेळाडूंबरोबर काम करत होती. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "आमच्या पोरांना आठवड्यातून एक तास द्याल का?"

सरांना हे आवडलंही आणि खुपलंही. सून हुशार आहे हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगत. पण मनाचा सराव म्हणजे काय, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"घाम गाळला की मन आपोआप ठिकाणावर येतं," ते म्हणाले.

"कधी कधी येतं, बाबा," ती म्हणाली.

"आणि हे बघ, शाळेत मला बाबा म्हणायचं नाही. पोरं डोक्यावर बसतील."

"बरं, सर."

"इथे नाही गं, इथे बाबाच म्हण."

*

पहिला तास खेळाच्या सामानाच्या खोलीत झाला. रबराचा आणि जुन्या मॅटचा वास, कोपऱ्यात अडथळ्यांची थप्पी, जाळीत चेंडू. ॲथलेटिक्सच्या संघातली मुलं गाद्यांवर दाटीवाटीनं बसली. सर अडथळ्यांमागे चेंडू मोजत उभे होते. म्हणजे चेंडू मोजायचं सोंग करत उभे होते. तेच चेंडू त्यांनी तीनदा मोजले.

सूनबाईनं प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. "या वर्षी तुम्हाला काय करायचंय ते लिहा."

कागद गोळा झाले. जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं होतं : पहिला नंबर.

"छान," ती म्हणाली. "शंभर मीटर पळणारे हात वर करा. तुम्ही चौघांनी पहिला नंबर लिहिलाय. चौघंही पहिले येणार?"

मुलं एकमेकांकडे बघून हसली.

"समजा, तू आयुष्यातली सगळ्यात चांगली शर्यत पळलास आणि शेजारच्या लेनमध्ये तुझ्याहून वेगवान कुणी निघाला. मग?"

"मग दुसरा, ताई."

"म्हणजे तू जे करायचं ते सगळं केलंस आणि तरी तुझ्या कागदावर नापास झालास. नंबर हवासा वाटणं चूक नाही, तो कागदाच्या वरच्या टोकाला राहू दे. पण नंबर तुझ्या एकट्याच्या हातात नाही. त्याच्याखाली तुझ्या स्वतःच्या आकड्याचं काहीतरी लिही. म्हणजे आज किती वेळ लागतो, सत्र संपेपर्यंत किती लागायला हवा. आणि त्याच्याखाली, तो आकडा येण्यासाठी रोज काय करणार ते. अगदी साधं. सुटताना मान खाली ठेवणार, असलं काहीतरी, जे मी बाजूला उभी राहून बघू शकेन की तू केलंस की नाही."

अडथळ्यांमागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

टोळच्या कागदावर पहिल्या नंबराच्या खाली आणखी एक ओळ होती : सरांना खूश करणं. सूनबाईनं तो कागद कुणाला दाखवला नाही. तास संपल्यावर तिनं टोळला थांबवून घेतलं.

"सर खूश झाले की तुला बरं वाटतं?"

"खूप."

"आणि उडी मारताना तुला स्वतःला काय आवडतं?"

टोळनं बराच विचार केला. "वर गेल्यावर... ताई, वर गेल्यावर एक क्षण असा येतो ना, की काहीच ऐकू येत नाही. तो."

"मग आपण तो क्षण थोडा आणखी वर नेऊ या. किती वर?"

टोळची आजवरची सर्वोत्तम उडी एक मीटर बेचाळीस होती. ती पटकन म्हणाली, "दीड मीटर!" मग सूनबाईच्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच ओशाळली. दोघींनी मिळून स्पर्धेपर्यंत एक पंचेचाळीस ठरवलं. अवघड, पण डोळ्यांना दिसणारं. त्याखाली महिन्याचं छोटं उद्दिष्ट आणि सगळ्यात खाली रोजचं : धाव नेहमी एकाच खुणेवरून सुरू करायची, पहिली पावलं हळू, मग वळणावर टप-टप-टप वेग वाढवत जायचा.

घरी परतताना दोघं बसस्टॉपवर आली. तिथे सर फुटलेच. "पहिला नंबर नको म्हणायला शिकवतेस पोरांना?"

"नको कुठे म्हटलं? फक्त रोज सकाळी उठून करता येईल असंही काहीतरी हातात दिलं."

"मी तेच करतो की. मान खाली ठेव, हे मी ओरडून ओरडून सांगतो."

"तुम्ही सांगता, बाबा. आज त्यांनी स्वतः लिहिलं."

सरांनी यावर बस कुठे अडली आहे, याबद्दल मत दिलं.

*

दुसरा विषय होता अंगातल्या उत्तेजनेचा. ती म्हणाली, "याला आपण पारा म्हणू. शून्य म्हणजे तुम्ही जवळजवळ झोपलात. दहा म्हणजे छातीत ढोल, हाताला घाम, डोक्यात कल्लोळ. मधे सगळ्या पायऱ्या. आता आठवा, तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कधी झाली आणि तेव्हा पारा किती होता. मग सगळ्यात वाईट आठवा."

गोळाफेक करणारा एक मुलगा होता, रणगाडा. आकार तसा आणि सुरू व्हायला वेळही तसाच. स्पर्धेच्या दिवशी तो तंबूत पाय पसरून जांभया देत बसायचा. तो म्हणाला, "माझी चांगली फेक तेव्हा झाली, जेव्हा दुसऱ्या शाळेच्या एकानं मला पोतं म्हटलं. आठ असेल, ताई. नाहीतर माझा दोनच असतो."

"आणि दोनला गोळा कुठे जातो?"

"पायापाशी."

खोली हसली. सगळ्यांत मोठ्यानं रणगाडा स्वतः हसला.

"आणि तू?" तिनं टोळला विचारलं.

"वाईट म्हणजे मागच्या वर्षीची स्पर्धा. दहा. नाही, दहाच्या वर. धावताना खुणेवरचं पाऊलच सापडेना. मी इतक्या जोरात पळत होते की दांडीच्या अगदी खाली जाऊन पोचत होते."

"आणि चांगली?"

"एक बेचाळीस झाली त्या संध्याकाळची. चार-पाच असेल." मग काहीही वाईट मनात नसताना ती म्हणाली, "सर त्या दिवशी मीटिंगला गेले होते. खूप शांत होतं सगळं."

अडथळ्यांमागे चेंडूंचा आवाज थांबला.

सूनबाईला ते जाणवलं, पण मुलांसमोर थांबणं बरं दिसलं नसतं. ती पुढे सांगत राहिली की पारा जास्त असणं वाईट नाही आणि कमी असणंही वाईट नाही. प्रत्येकाची आपापली जागा असते आणि कामाचीही असते. गोळा फेकायला लागणारी आग वेगळी आणि दांडीवरून पाठ वळवत जायला लागणारी वेगळी. आपली जागा ओळखायची आणि तिच्या खाली असलो तर वर चढायचं, वर असलो तर उतरायचं. पोटात फुलपाखरं उडाली म्हणून घाबरायचं नाही. अंग तयार होतंय एवढाच त्याचा अर्थ. ही सगळी कौशल्यं आहेत, ती सरावानं येतात आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करून बघायची नसतात.

मग तिनं सगळ्यांना गाद्यांवर आडवं केलं. एक हात पोटावर. नाकानं श्वास घेताना पोट फुगलं पाहिजे, छाती नाही. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडताना खांदे सैल. दुसऱ्या मिनिटाला रणगाडा घोरायला लागला. "याला मात्र आपण उलटं शिकवू," ती म्हणाली. "उड्या, टाळ्या, भराभर श्वास आणि डोक्यात एखादा दणदणीत शब्द."

तास संपला तेव्हा सर अडथळ्यांमागे नव्हते.

*

त्या संध्याकाळी जेवताना सरांनी दुसरी पोळी घेतलीच नाही. सासूबाईंनी सुनेकडे बघून भुवया उंचावल्या. सुनेनं डोळ्यांनीच 'नंतर' म्हटलं. पानावरून उठल्यावर सर गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं ती चहाचे दोन कप घेऊन गेली.

"माझ्यामुळे पडली ती," सर म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"असं नाही, बाबा."

"मग कसं? खरं सांग. मुलांना सांगतेस तसं सांग."

ती कठड्याला टेकली. "तुमच्या भाषणानं रणगाड्यासारख्यांचं भलं होतं. ते मी हजार वेळा सांगेन. पण टोळचा पारा स्पर्धेच्या सकाळीच वर असतो. त्यावर तुम्ही आणखी जाळ लावता. मग तिची धाव बिघडते. तुमचं प्रेम नडलं नाही, तुमचं सगळ्यांना एकच औषध देणं नडलं."

सरांनी चहा घेतला. "पंचवीसेक वर्षं ओरडतोय मी," ते म्हणाले. "अशा किती टोळ असतील गं?"

 तिनं त्यांचा रिकामा कप हातातून घेतला आणि तशीच त्यांच्या शेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सर एकदम मुके झाले. टोळ सरावाला आली की ते मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला, भालाफेकीकडे निघून जात. चुकून समोर आली तर मान हलवत आणि वाट बदलत. आपण तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

टोळच्या उड्या बिघडायला लागल्या. तिचा त्या महिन्याचा आकडा तर राहिलाच, एक पस्तीसलाही दांडी पडायला लागली. सूनबाईनं धाव बघितली, श्वास बघितला, सगळं जागेवर होतं. "पारा किती?" तिनं विचारलं.

"आठ, ताई."

"सरावात आठ? का गं?"

टोळ बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला लागली. "सर माझ्यावर रागावलेत. मी काय केलं तेच कळत नाही. मला टोळ म्हणूनसुद्धा हाक मारत नाहीत."

सूनबाईला कानकोंड्यासारखं झालं. तिनं सासऱ्यांना काय करू नका ते सांगितलं होतं. काय करा, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टोळला तिनं विचारलंच नव्हतं.

"तुला सर तिथे हवेत?"

"हो!"

"कसे हवेत? सांग. तुझ्या मनासारखे."

टोळनं डोळे मिटले. "मॅटच्या त्या कोपऱ्याकडे उभे. नेहमीसारखे. पण ओरडायचं नाही. आणि... मला 'फाड' म्हणायचं नाही. उडी फाडायची नसते ना, ताई. त्यांनी फक्त विचारावं, किती? मी आकडा सांगीन. तेवढ्यानं मला आठवेल काय करायचं ते."

सूनबाई तशीच भालाफेकीकडे चालत गेली. सरांना सगळं सांगितलं. सरांचा चेहरा आधी पडला, मग उजळला आणि मग त्यावर भीती दिसली.

"मला जमेल का? शांत उभं राहणं?"

"तुमचा पारा किती असतो हो, स्पर्धेच्या दिवशी?"

सरांनी इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "बारा."

*

तेव्हापासून सरांच्या घरात रोज संध्याकाळी एक दृश्य दिसे. हॉलमध्ये सतरंजीवर सर आडवे, पोटावर जाडजूड शब्दकोश आणि सासूबाई खुर्चीत बसून मोजणार : "एक, दोन, तीन, चार. आता सोडा. अहो, सोडा! पाच, सहा. शब्दकोश हलला नाही, तुम्ही छातीनं घेताय."

"तू जरा हळू मोज."

"मला स्वयंपाक आहे."

एकदा सरांचा मुलगा कामावरून घरी आला. जमिनीवर वडील आणि त्यांच्यावर शब्दकोश बघून तो दारातच थांबला. "काय झालं?"

"बाबा शाळेची तयारी करतायत," सूनबाई म्हणाली.

पहिल्या आठवड्यात सरांना झोपच लागायची. मग आडव्यानं जमलं, नंतर बसून आणि शेवटी उभ्यानं. एके दिवशी ते घरी येऊन म्हणाले, "आज ऑफिसातल्या बाईंशी वाद झाला, तेव्हा मी मनातल्या मनात सहा मोजले." सासूबाई म्हणाल्या, "हे लग्नानंतर लगेच शिकायला हवं होतं."

मैदानावर सर परत मॅटच्या कोपऱ्याशी उभे राहायला लागले. पहिल्या दिवशी टोळ लांबून त्यांच्याकडे बघत राहिली. सर म्हणाले, "टोळ, किती?" तिचा चेहरा इतका फुलला की तिला आकडा सांगायचं सुचेना.

स्पर्धा महिन्याभरावर आल्यावर सूनबाईनं मधल्या सुट्टीत सराव घ्यायला सुरुवात केली. अख्खी शाळा मैदानाभोवती. मुलांना सांगितलेलं होतं, हवा तेवढा गोंगाट करा. ही आज्ञा त्यांनी मनापासून पाळली. कुणी डबा वाजवला, कुणी टोळचं नाव चुकीचं पुकारलं, एकजण खास तिच्या धावेच्या वेळी शिंकला. पहिल्या दिवशी टोळची धाव पुन्हा कोलमडली आणि ती दांडीखाली जाऊन पोचली. पण या वेळी तिला कळलं की काय झालं. ती मागे आली, खुणेवर थांबली, खांदे सोडले, लांब श्वास सोडला, ओठांतल्या ओठांत "सैल" म्हणाली आणि मग निघाली. त्या दिवशी नाही जमलं. दोन-तीन दिवसांनी जमलं.

मग परीक्षा आल्या, त्यात टोळचा घोटा मुरगळला आणि दहा-बारा दिवस उड्या बंद. ती लंगडत सूनबाईकडे आली, डोळे भरलेले. "एक पंचेचाळीस गेलं, ताई."

"बघू या काय उरलंय. पंचेचाळीस स्पर्धेनंतरच्या महिन्यात ढकलू. स्पर्धेसाठी त्रेचाळीस ठेवू?"

"म्हणजे मी हरले?"

सर तिथेच होते. सूनबाई बोलायच्या आत ते म्हणाले, "अगं, घोटा सुजल्यावर कुणी जुनाच आकडा धरून बसतं का? तुझ्या बेचाळीसच्या वरच आहे की ते. तोवर पायावर भार न देता धाव डोळ्यांसमोर आणत जा." आणि मग सुनेकडे वळून जरा चाचरत, "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली.

*

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर ऊन लवकर तापलं. आधी गोळाफेक होती. रणगाडा तंबूत नेहमीप्रमाणे पसरला होता, पण वेळ जवळ आल्यावर स्वतःच उठला, उड्या मारल्या, मांड्यांवर थपडा मारल्या आणि येऊन सरांसमोर उभा राहिला. "सर, मला पूर्ण भाषण पाहिजे."

"पूर्ण?"

"थापेसकट."

सरांनी आजूबाजूला बघितलं. टोळ बरीच लांब झाडाखाली होती. मग त्यांनी असं भाषण ठोकलं की शेजारच्या शाळेची मुलंही सावधान उभी राहिली. रणगाडा गरजत वर्तुळात गेला. गोळा त्याच्या आजवरच्या सगळ्या खुणांपलीकडे पडला आणि त्याला तिसरा क्रमांक मिळाला. तो परत येऊन सूनबाईला म्हणाला, "ताई, नऊ झाला होता. आता मला झोप येतेय."

उंच उडी दुपारी सुरू व्हायची, ती लांबली. मुली उन्हात बसून राहिल्या. टोळ मात्र अधूनमधून उठून चालायची, पाय हलवायची, पुन्हा सावलीत यायची. नाव पुकारलं गेलं तेव्हा तिनं सरांकडे बघितलं. सर मॅटच्या कोपऱ्यापलीकडे, दोरीच्या मागे उभे होते, हात पाठीमागे बांधून. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं होतं. सूनबाईला ते मागून दिसत होतं.

एक पस्तीस पहिल्याच प्रयत्नात गेली. मॅटवरून उठताना टोळनं हळूच दांडीला हात जोडले. पुढच्या उंचीला एक प्रयत्न गेला आणि दुसऱ्यात ती पार झाली. दोन मुली बाद झाल्या, मग आणखी एक. मग दांडी एक त्रेचाळीसवर चढली.

पहिल्या प्रयत्नात टाच लागून दांडी पडली. दुसऱ्या वेळी गर्दीतून कुणीतरी जोरात ओरडलं, टोळ दचकून सुटली, वळणावर भरधाव आली आणि सरळ दांडीखाली. मागच्या वर्षीचीच चूक जशीच्या तशी. मॅटवर ती क्षणभर तशीच बसून राहिली.

सर दोरीवर पुढे झुकले. घशाशी गर्जना आली होती. तोंड उघडलंही होतं. सूनबाईनं ते बघितलं आणि तिनं डोळे मिटून घेतले. पण आवाज आला नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा सरांचे गाल फुगलेले होते आणि ते सावकाश, फार सावकाश श्वास बाहेर सोडत होते. टोळ मॅटवरून उतरत होती. तिनंही ते पाहिलं. तिच्या नकळत तिचाही श्वास त्यांच्याबरोबर सुटला.

ती दोरीपाशी आली.

"किती?" सर म्हणाले. आवाज जवळजवळ कुजबुजीचा.

"नऊ."

"किती हवाय?"

"पाच."

"वेळ आहे. ये उतरून."

एवढंच. टोळ वळली. खुणेपाशी गेली, बुटाचं टोक खुणेला लावलं. एकदा पोट फुगलं, मग लांब, रिकामा होईतो श्वास. खांदे खाली आले. पुन्हा एकदा. ओठ हलले. वेळ संपत आल्याचं पंचांनी निशाण दाखवलं, तरी तिनं घाई केली नाही. मग ती निघाली : पहिली पावलं हळू, वळणावर टप-टप-टप. पाय आपटला तो नेमक्या जागी, पाठ वळली, आणि ती दांडीच्या वर होती.

दांडी थोडी थरथरली. राहिली.

सर ओरडले नाहीत. म्हणजे त्यांना ओरडायचं होतं, पण घशातून आलं ते काहीतरी भलतंच; शेजारच्या पंचांनी त्यांना पाणी हवंय का विचारलं.

पुढच्या उंचीवर टोळनं तिन्ही वेळा दांडी पाडली आणि ती बाद झाली. शेवटी ती चौथी आली. पदकं तिघींना होती. चौथीला कुणी मंचावर बोलवत नाही. तिनं आपली बॅग उचलली आणि ती तंबूकडे आली. तिच्या डोळ्यांत थोडं पाणी होतं, पण चेहरा मागच्या वर्षीसारखा नव्हता.

"त्रेचाळीस झाली, ताई," ती म्हणाली. "आणि वर गेल्यावर काहीच ऐकू आलं नाही."

सूनबाईनं तिला जवळ घेतलं.

सर बाजूला उभे होते. खरं सांगायचं तर त्यांना पदक हवं होतं. त्या तिसऱ्या मुलीपेक्षा टोळची धाव कितीतरी सुंदर होती, असं ते नंतर घरी आठवडाभर सांगत राहिले, आणि सासूबाई "वाढू का अजून?" म्हणत राहिल्या. पण त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, "टोळ."

"काय, सर?"

"पुढे काय मग?"

'एक पंचेचाळीस' हे त्यांच्या जिभेवर होतं. खरं तर 'पहिला नंबर' होतं. दोन्ही गिळून ते वाट बघत राहिले.

टोळनं थोडा विचार केला. "आधी जेवण," ती म्हणाली. "रणगाड्यानं सगळं संपवायच्या आत."

सर हसले ते इतक्या मोठ्यानं, की तंबूत झोपलेला रणगाडा खडबडून उठून बसला आणि म्हणाला, "माझं नाव पुकारलं का?"